पगाराची तुलना करणारी माणसं हावरट नसतात

"पगाराची तुलना हा हावरट माणसाचा स्वभावदोष आहे. पगार गुप्त ठेवा, तुलना आपोआप बंद होते. चांगल्या माणसाला जास्त काम द्या, तो त्याला विश्वास समजतो. तरीही कुरकुर करणाऱ्याला वेळीच दूर करा, नाहीतर एक नासका आंबा आख्खी आढी नासवतो."

हा निरोप माझ्या भाचीच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला, पाठवणारा तिचाच मॅनेजर. रात्री तिचा फोन आला, "मावशी, मी खरंच हावरट आहे का गं?" बावीस वर्षं कारखान्याच्या एचआरमध्ये काढल्यावर या प्रश्नाला नुसतं "नाही गं" म्हणून भागत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी स्वभावदोषाचं पाहू. जे. स्टेसी अ‍ॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये इक्विटी थिअरी मांडली. माणूस कामात काय घालतो (वेळ, कौशल्य, अनुभव, त्रास) आणि त्याबदल्यात काय मिळवतो (पगार, मान, सोयी), याचं प्रमाण तो आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाच्या प्रमाणाशी ताडून बघतो. पगार रास्त आहे की नाही हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, शेजारी ठेवायला दुसरा आकडा लागतो. बाजारात दोन दुकानांत भाव विचारणाऱ्याला आपण हावरट म्हणत नाही.

याचा फार चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदसानी या अर्थतज्ज्ञांनी ओडिशात हंगामी मजुरांसोबत महिनाभर एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मजूर छोट्या गटांत काम करत होते. काही गटांत सगळ्यांना सारखीच रोजंदारी होती, काहींत सुरुवातीच्या कामगिरीनुसार कमीजास्त. मग तुलना केली ती अगदी तेवढीच रोजंदारी मिळणाऱ्या मजुरांची, फरक फक्त त्यांच्या सोबत्यांना किती मिळत होतं याचा. जिथे मजुरी असमान होती तिथे उत्पादन घसरलं आणि हजेरी १८ टक्के बिंदूंनी कमी झाली. रोजंदारीवर खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे बुडाले. ज्यांना पैशाची खरी निकड होती, अशी माणसं स्वतःचे पैसे सोडून घरी राहिली. हावरट माणूस असं करत नाही.

त्याच प्रयोगातली पुढची गोष्ट मॅनेजरांनी नीट वाचावी. जास्त मजुरी घेणारा सोबती खरोखर जास्त काम करतो हे जिथे डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, तिथे असमान मजुरीचा वाईट परिणाम आढळला नाही. म्हणजे सगळ्यांना सारखंच द्या असं कुणी म्हणत नाही. फरक असेल तर त्याचं कारण दिसलं पाहिजे.

पगार गुप्त ठेवण्याचा सल्ला याच ठिकाणी पडतो. आकडा झाकला की कारणही झाकलं जातं. चहाच्या टपरीवर अंदाज मात्र चालूच राहतात.

आता तिसरा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो, आणि भाचीची गोष्टही याचीच आहे. ती एका गोदामात नोंदींचं काम करते. पाच वर्षं झाली, हातात ३१,००० येतात. चार महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाला ३३,५००. मॅनेजर म्हणतो, दोघांच्या दिवसाला साठ-साठ नोंदी, मग तक्रार कसली? मी तिला दोन आठवडे प्रत्येक नोंदीचा वेळ टिपायला लावला. नव्या ऑर्डरच्या नोंदीला साधारण ४ मिनिटं लागतात. परत आलेल्या मालाच्या नोंदीला ९, कारण ड्रायव्हरला फोन करायचा, फोटो बघायचे, मूळ बिल शोधून जुळवायचं. त्या मुलाकडे साठही नोंदी नव्या ऑर्डरच्या, म्हणजे ४ तास. भाचीकडे परतीच्या ४० आणि नव्या २०, म्हणजे ७ तास २० मिनिटं. वर त्याला शिकवायला रोज पाऊण तास. परतीचा माल तिच्याकडेच का? तर "तिला जमतं, तिच्या चुका होत नाहीत." हाच तो विश्वास.

विश्वासाने दिलेल्या कामात मोबदल्याची बाजू तिथेच राहते आणि घालण्याची बाजू दुप्पट होते. मग माणूस हिशोब स्वतःच जुळवतो. कुणी काम ढिलं करतो, कुणी वाढ मागतो, कुणी "जाऊ दे, तो शिकलेला जास्त आहे" अशी मनाची समजूत घालतो, कुणी सोडून जातो. भांडणारा माणूस अजून हिशोब मांडतोय. भीती गप्प झालेल्याची बाळगावी. शेवटची गाडी उतरेपर्यंत थांबणारी बाई सहाच्या ठोक्याला पर्स उचलू लागली, नव्या माणसाला काही सांगेनाशी झाली, तर ते तिचं उत्तर आहे. अशा वेळी नुसतं "सीनियर" हे नाव चिकटवलं तर आणखी बिघडतं, कारण ते फुकट आहे हे सगळ्यांना कळतं.

मॅनेजरने पहिलं काय करावं? विचारावं, "तू कोणाशी ताडून बघते आहेस?" शेजारच्या टेबलाशी, दुसऱ्या कंपनीतल्या मैत्रिणीशी, की स्वतःच्या दोन वर्षांपूर्वीच्या पगाराशी? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. मग नुसती संख्या न मोजता कामाचा वेळ आणि त्रास दोघांसमोर कागदावर मांडावा. काम लगेच वाटता येतं, त्याला बजेट लागत नाही. जो मोठ्याने बोलला त्याला गुपचूप वाढ देऊ नये, त्याने उरलेल्या सगळ्यांचा हिशोब बिघडतो.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते. तुलना पुष्कळदा चुकीची असते. आपले कष्ट आपल्याला आतून दिसतात, दुसऱ्याचा फक्त पगार दिसतो. अ‍ॅडम्सच्या मांडणीतही हिशोब माणसाला जसा वाटतो तसाच धरलाय. काही जण खरंच स्वतःचं काम फुगवून सांगतात, असे मी पाहिलेत. पण मग त्यांना कागद दाखवावा.

राहिला नासका आंबा. तक्रार करणाऱ्याला काढलं तरी तक्रारीचं कारण त्याच खुर्चीत राहतं, पुढचा येऊन त्यावरच बसतो. आणि "पैसेच नाहीत तर काय करू" म्हणणाऱ्यांसाठी जेरल्ड ग्रीनबर्गचा १९९० चा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात केली. एका ठिकाणी खुद्द अध्यक्षांनी दीड तास बसून तक्ते दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे पंधरा मिनिटांत विषय संपवला. कपात तीच, पण दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या आणि राजीनामे दोन्ही कितीतरी जास्त वाढले.

भाचीने तो दोन आठवड्यांचा कागद मॅनेजरसमोर ठेवला. आता परतीच्या नोंदी दोघांना वीस-वीस आहेत, म्हणजे प्रत्येकी ५ तास ४० मिनिटं. पगाराबद्दल त्याने एप्रिलची तारीख मेलवर लिहून दिली आहे. तिने दुसरीकडचे अर्ज तोवर थांबवलेत.