‘माणूस कसा आहे?’ असं कोणी विचारलं तर

फोन येतो तो नेहमी चुकीच्या वेळी. तुम्ही लाइनवर उभे असता, शेजारी प्रेस धडधडत असतो, आणि पलीकडून एक गोड आवाज म्हणतो, “सर, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी बोलतेय. तुमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या एका कँडिडेटबद्दल दोनच मिनिटं हवी होती.” ज्या पोरानं तुमच्या हाताखाली तीन वर्षं काढली, त्याच्या पुढच्या नोकरीचा निकाल आता तुमच्या जिभेवर आहे. घाबरू नका. या प्रसंगातून अंगाला काहीही न लागता बाहेर पडण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती इथे सांगतो.

पहिला आणि सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे पॉलिसी. “आमच्या पॉलिसीप्रमाणे एचआर फक्त रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि हुद्दा कन्फर्म करतं,” एवढं बोलायचं आणि फोन ठेवायचा. तुमच्या कंपनीत अशी पॉलिसी खरंच असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरी कोणी मागायला येणार नाही. मेलवर फॉर्मची लिंक आली तर ती उघडूच नका. ठरलेल्या दिवसांत उत्तर आलं नाही की व्हेरिफिकेशनवाले त्या रकान्यात ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असं लिहितात आणि बऱ्याच ठिकाणी रिपोर्टचा रंग हिरव्याचा पिवळा होतो. त्या पिवळ्या रंगामुळे पोराची ऑफर लटकते. पण तुम्ही तर एक अक्षरही वाईट बोलला नाहीत!

कोणी फारच खनपटीला बसलं तर कायदा काढा. “उद्या अब्रुनुकसानीची केस झाली तर?” असं म्हणा. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे, 1 जुलै 2024 पूर्वी हेच दंड संहितेचं 499 होतं. आकडा फेकला की समोरचा गप्प होतो. फक्त ते कलम खाली उतरून वाचू नका. खाली अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेनं केलेलं विधान अब्रुनुकसानी ठरत नाही, असं तिथे चक्क लिहून ठेवलंय. उदाहरण एका दुकानदाराचं आहे: तो आपल्या कारभाऱ्याला सांगतो की अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीचा मला भरवसा नाही. आणि ‘सद्भावना’ म्हणजे मन स्वच्छ असणं एवढंच नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष देऊन केलेलं तेच सद्भावनेनं केलेलं, अशी कायद्याची व्याख्या. म्हणजे आधी कपाट उघडून त्याची फाइल बघायची आणि मग बोलायचं. एवढे कष्ट कोण घेतो? त्यापेक्षा भीती बरी.

दुसरा मार्ग स्तुतीचा. “एक नंबर पोरगा! हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर!” हे तिन्ही शब्द कुठल्याही माणसाला, आणि खरं सांगायचं तर चांगल्या बैलालाही, लागू पडतात. ऐकणारीला यातून काहीच कळत नाही, हीच याची खुबी.

तिसरा मार्ग आमच्यासारख्या मुरलेल्या लोकांचा. त्यात बोलण्यापेक्षा थांबण्याला महत्त्व असतं. “माणूस चांगला आहे...” म्हणायचं आणि पाच सेकंद गप्प बसायचं. पलीकडे पेन थांबतं. मग एक सुस्कारा. “हुशार आहे हो, पण...” आणि लगेच, “नाही, जाऊ दे.” एवढ्यानं त्या मुलाचं जे होतं ते शिव्यांनी होणार नाही, आणि पुरावा म्हणाल तर शून्य. शांततेवर कुठला वकील केस उभी करेल?

चौथा मार्ग हिशेब चुकता करण्याचा. त्यानं ऐन मार्चमध्ये राजीनामा दिला होता? नव्वद दिवसांच्या नोटिसातले तीस दिवस पैसे भरून सुटला होता? मग फॉर्मवरचा ‘पुन्हा नोकरीवर घ्याल का?’ हा प्रश्न तुमच्याचसाठी ठेवलेला आहे. ‘नाही’वर टिचकी मारा. कारणाचा रकाना रिकामा सोडा. वाचणारा आपल्या मनानं चोरीपासून मारामारीपर्यंत काहीही भरून घेईल.

आणि ओळखीचा फोन आला तर मात्र सगळे मार्ग सोडून मोकळे व्हा. “अरे, तुझ्याकडं तो होता ना? ऑफ द रेकॉर्ड सांग.” तो आत्ता जिथे काम करतो तिथे त्यानं अजून कोणाला सांगितलेलं नाही, फॉर्मवर त्यानं ‘सध्याच्या कंपनीला आत्ता विचारू नका’ असं लिहिलंय, असल्या फालतू गोष्टींची चौकशी करू नका. कँटीनमध्ये जे ऐकलं ते सांगा. घरच्यांबद्दल सांगा. तब्येतीबद्दल सांगा. संध्याकाळपर्यंत ते त्याच्या सध्याच्या साहेबापर्यंत पोहोचतं आणि नोकरी शोधण्याचा त्याचा प्रश्न फारच निकडीचा होऊन बसतो.

एवढं सगळं हाताशी असताना काही लोक मात्र खरं बोलायला जातात. आमच्या भोसरीतल्या शॉपमधल्या एका क्वालिटीवाल्या साहेबांनी हा गाढवपणा माझ्यादेखत केला. तुम्ही तो करू नये म्हणून सविस्तर सांगतो.

फोन आला तेव्हा साहेब म्हणाले, “आत्ता नाही. कोणत्या जागेसाठी घेताय, काम काय असेल, ते मेल करा. मी उद्या अकराला फोन करतो.” पहिली चूक. मग त्यांनी त्या पोराला फोन लावला. “तुझ्याबद्दल विचारतायत. तू माझं नाव दिलंयस ना? मी रिपोर्ट उशिरा द्यायचास तेही सांगणार आहे.” पोरगा म्हणाला, “सांगा सर, तुम्ही मला दोन्ही अप्रेझलला सांगितलंच होतं.” म्हणजे तोंडावर जे बोललो नाही ते पाठीमागे बोलायचं नाही, असला काहीतरी त्यांचा सोवळेपणा. मग कपाट उघडून जुन्या तक्रारींची फाइल काढली. अर्धा तास गेला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बोलणं झालं. चाकणच्या एका कंपनीला तो व्हेंडरकडच्या मालाची क्वालिटी बघायला हवा होता. साहेबांनी ‘हार्डवर्किंग’ शब्द काढलाच नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका भागातल्या पंचवीस मिलिमीटरच्या भोकात कस्टमरकडे पिन जाईना. इकडे ऑपरेटर शपथ घेऊन सांगत होता की भोक पुरेसं मोठं आहे का ते बघायच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू प्रत्येक भोकात जाते. सगळे त्याच्यावर तुटून पडले होते. या पोरानं गेजच मोजायला पाठवला. ‘गो’ बाजू वापरून वापरून झिजून बारीक झाली होती, त्यामुळे भोक लहान असलं तरी ती आरामात आत जायची. कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर तारीख अजून शिल्लक होती म्हणून कोणाला संशय आला नव्हता. त्यानंतर त्यानं त्या गेजची तपासणी वर्षाऐवजी किती भाग मोजले त्यावर बांधली. “हे मी डोळ्यांनी पाहिलंय,” साहेब म्हणाले.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण ते पुढे म्हणाले, “कागदाला मात्र कच्चा. पहिल्या वर्षी त्याच्याकडे कस्टमरच्या पाच तक्रारी होत्या, चार रिपोर्ट उशिरा गेले. कारण सापडलं की त्याचा त्यातला रस संपायचा. मग मी दर शुक्रवारी अर्धा तास त्याच्यासोबत उघडे रिपोर्ट घेऊन बसायला लागलो. दुसऱ्या वर्षी चारांपैकी एकच लेट झाला. एकदा कस्टमरला उर्मट मेलही लिहिला होता. बोलावून सांगितलं, परत झालं नाही.”

बघा, दोष सांगितला, तोही आकड्यासकट, आणि वर त्यावरचा उतारा फुकट देऊन टाकला!

फोनवरच्या बाईंनी विचारलं, “माणसं सांभाळेल का?” साहेब म्हणाले, “माझ्याकडे त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं. मला माहीत नाही.” मॅनेजरच्या तोंडून ‘मला माहीत नाही’! मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. “सुट्ट्या फार घ्यायचा का, तब्येतीचं काही?” “रजा नियमात होत्या. बाकीचं मी बोलणार नाही.” “सोडलं का?” “पगारासाठी. त्यानं मागितला तेवढा आम्ही दिला नाही.” स्वतःच्या कंपनीची ही लाज कोणी चव्हाट्यावर मांडतं का? “परत घ्याल?” “उद्या घेईन. पण तुमच्या कामाचं विचाराल तर पाच-सहा व्हेंडरचे कागद एकदम त्याच्या गळ्यात घालू नका. दोष शोधेल, पण महिनाअखेरीला तुम्ही रिपोर्टसाठी रडाल.”

शेवटी एक मार्कांचा तक्ता होता. कामाचं ज्ञान, वक्तशीरपणा, संवाद, सचोटी, प्रत्येकाला पाचपैकी. जाणकार माणूस डोळे मिटून सगळीकडे चार देतो. साहेबांनी ज्ञानाला पाच दिले, वक्तशीरपणाला तीन, आणि विचारलं की वक्तशीरपणा म्हणजे गेटवर वेळेत येणं की काम वेळेत देणं? दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. बाई म्हणाल्या, सर, सिस्टिममध्ये एकच आकडा जातो. मग साहेबांनी खाली शेरा लिहायला लावला.

पोराला घेतलं. पण पाचऐवजी तीनच व्हेंडर दिले आणि शुक्रवारचा अर्धा तास त्यांच्या लीडनं पाळला, असं नंतर त्यानंच साहेबांना फोन करून सांगितलं. दोन व्हेंडर हातचे गेले! साहेब एक थाप मारते तर पाचही मिळाले असते, आणि मग सहा महिन्यांनी काय व्हायचं ते चाकणला झालं असतं, भोसरीला नाही.

हे सगळं सांगायचं निमित्त म्हणजे मागच्या महिन्यात मीही एका ठिकाणी अर्ज केला. जुन्या साहेबाचं नाव हवं होतं. क्वालिटीवाल्यांच्या हाताखाली मी कधी नव्हतो, म्हणून मी माझ्या पहिल्या बॉसचं नाव दिलं. थांबण्याची विद्या मी त्यांच्याकडूनच शिकलो. फोन झाल्याचं त्यांनीच मला कळवलं. “अरे, तुझ्याबद्दल चांगलंच बोललो,” ते म्हणाले. काय बोललात, असं मी विचारलं. “माणूस चांगला आहे, म्हटलं.” मग? मग काय म्हणालात?

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.