आडवी गाडी घालणाऱ्याची वकिली: एका प्रतिक्रियेला उत्तर

रस्त्यावर आडवी गाडी घालणाऱ्याची परिस्थिती न बघता आपण त्याला लगेच स्वभावाने उद्धट ठरवतो, यावर मी एक लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

“लेख वाचला. तीन गोष्टी. एक, कॅस्ट्रोवरच्या निबंधांचा प्रयोग ली रॉस यांचा नाही, जोन्स आणि हॅरिस यांचा आहे. एवढं तरी तपासून लिहावं. दोन, आडवी गाडी घालणाऱ्याची परिस्थिती शोधत बसणं म्हणजे बेशिस्त माणसाला फुकटचा वकील मिळवून देणं. काही माणसं उद्धटच असतात. तीन, मॅल यांच्या २००६च्या विश्लेषणाने हे सगळं केव्हाच निकालात काढलंय. हा लेख रोज गाडी चालवणाऱ्याने लिहायला हवा होता, पुस्तकं वाचणाऱ्याने नाही.”

पहिली चूक माझीच. तो प्रयोग मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांचा, १९६७चा. निबंध क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने लिहायचा की विरोधात हे लेखकाला नेमून दिलं होतं, हे माहीत असूनही वाचणाऱ्यांनी निबंधातलं मत लेखकाचंच धरलं. रॉस यांनी दहा वर्षांनी, १९७७ साली, परिस्थितीकडे दुर्लक्ष करून वागण्याचं कारण माणसातच शोधण्याच्या या प्रवृत्तीला ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ हे नाव दिलं. मी नाव आणि प्रयोग एकाच माणसाच्या खात्यावर टाकले. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. पण हीच गोष्ट “प्रयोग जोन्स आणि हॅरिस यांचा आहे” एवढ्यावरही सांगता आली असती. “एवढं तरी” कशासाठी?

मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम मॅल यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांनी १७३ अभ्यास एकत्र करून तपासलं ते असं, की माणूस स्वतःच्या वागण्याला परिस्थिती कारण देतो आणि दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव, हा फरक खरोखर किती पडतो. सरासरीने तो जवळजवळ नाहीसा निघाला, पण वाईट घटनांच्या बाबतीत टिकून राहिला. माझा लेख स्वतः आणि दुसरा यांच्या तुलनेवर नव्हता. दुसऱ्याकडे बघताना परिस्थितीला आपण किती कमी वजन देतो, यावर होता. शिवाय रस्त्यावर आडवी येणारी गाडी ही वाईट घटनाच असते. हा मुद्दा माझ्याकडून इथेच संपला.

आता तुमचं शेवटचं वाक्य. मी एकवीस वर्षं रोज गाडी चालवतो आहे. जाऊन-येऊन दोन तास, कधी अडीच. त्यातली सात वर्षं रात्रपाळी करून पहाटे परत यायचो, डोळे मिटत असायचे. हा विषय मला पुस्तकात सापडलेला नाही. स्टिअरिंगमागे बसून अनोळखी माणसांना तोंडातल्या तोंडात शिव्या देता देता सापडला, आणि पुस्तकं मी त्यानंतर उघडली. तुम्ही माझा एक लेख वाचलात आणि त्यावरून मी कोण, कुठे बसतो, काय करत नाही, हे सगळं ठरवून मोकळे झालात. एका कृतीवरून अख्खा माणूस ठरवणं, याच विषयावर तो लेख होता. हे लिहिताना मला राग आलेला आहे आणि तो मी लपवत नाही.

तरीही वकिलाबद्दलच्या तुमच्या वाक्याला पूर्ण उत्तर द्यायचं आहे, कारण ते अनेकांच्या मनात असतं.

माझ्या रोजच्या वाटेवर एका ठिकाणी तीन लेनच्या दोन होतात. डावी लेन संपते. मी मधल्या लेनमध्ये मुंगीच्या चालीने सरकत असतो आणि डावीकडच्या मोकळ्या लेनमधून एखादी गाडी सुसाट येऊन शेवटच्या क्षणी माझ्यापुढे नाक खुपसते. मी ब्रेक दाबतो आणि मनात एकच शब्द उमटतो: माजलेला. कित्येक वर्षं तो तसाच उमटत होता आणि मला तो निष्कर्ष न वाटता डोळ्यांनी दिसलेली गोष्ट वाटत होती. तसा माझ्याकडे पुरावा काय असायचा? गाडीची मागची बाजू, चारेक सेकंद. चेहरा नाही, आधीचं काही नाही, नंतरचं काही नाही.

हॅरोल्ड केली यांनी १९६७ साली मांडलं होतं, की एखाद्या वागण्याचं कारण माणसात आहे की परिस्थितीत, हे ठरवायला तीन गोष्टी बघाव्या लागतात. याच ठिकाणी दुसरी माणसंही असंच वागतात का? हा माणूस दुसरीकडेही असंच वागतो का? आणि याच ठिकाणी तो दर वेळी असं वागतो का? इतर कोणी तसं करत नसेल, पण हा सगळीकडे आणि दर वेळी तसंच करत असेल, तर स्वभावाकडे बोट दाखवायला जागा आहे. रस्त्यावर यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याला कधीच मिळत नाहीत, कारण ती गाडी आयुष्यात पुन्हा दिसत नाही. उरतो पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळू शकतं, पण आपण ते शोधत नाही.

मी शोधलं. हात दुखावल्यामुळे दोन आठवडे दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून जात होतो. त्या जागी डाव्या लेनमधून आलेल्या गाड्या मोजल्या. वीसपैकी सतरा गाड्या अगदी टोकाला जाऊन आत घुसल्या. एका जागी सतरा माजलेले गोळा होतात आणि तिथून अर्ध्या किलोमीटरवर सगळे शहाण्यासारखे वागतात, हे पटण्यासारखं नाही. पुढे एकदा मी स्वतः त्या लेनमध्ये सापडलो तेव्हा कारण कळलं. लेन संपत असल्याचा फलक झाडाच्या फांद्यांआड आहे. तो दिसतो तेव्हा जेमतेम चाळीस-पन्नास मीटर उरलेले असतात, आणि उजवीकडे गाड्यांची अभेद्य रांग. त्या दिवशी मी कोणाच्या तरी पुढे नाक खुपसलं. त्या कोणाच्या तरी मनात कोणता शब्द उमटला असेल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मोजताना आणखी एक गाडी दिसली, त्या वीसांत न धरलेली. ती लेन संपल्यावरही थांबली नाही. कडेच्या कच्च्या पट्ट्यावरून धुरळा उडवत दहा-बारा गाड्यांच्या पुढे गेली आणि मग आत शिरली. तसं करणारी दोन आठवड्यांत ती एकटीच होती. इथे तुमचं “काही माणसं उद्धटच असतात” मी मान्य करतो. निदान इथे तसा संशय घ्यायला आधार आहे: जागा सगळ्यांसाठी तीच होती आणि बाकी कोणी तसं केलं नाही. तरी हा फक्त संशय आहे, कारण बाकीचे दोन प्रश्न अजून उघडेच आहेत. पण तुम्ही त्या एका गाडीचं उदाहरण घेऊन इतर सतरांनाही तीच शिक्षा सुनावता, तेव्हा तुमची शिस्तीची आवड मला खरी वाटत नाही. तो निव्वळ संताप वाटतो.

आणि वकिली कुठली? कारण शोधणं आणि माफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कच्च्या पट्ट्यावरून जाणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, त्याची आई दवाखान्यात असो वा नसो. दंड कृतीला होतो, तो लावायला माणसाचा स्वभाव ठरवावा लागत नाही. उलट स्वभावावर खापर फोडलं की फांद्या छाटायचं कोणाच्या मनातच येत नाही.

आता एक गोष्ट, जी मूळ लेखात नीट सांगायची राहिली होती. हा दोष गाडी चालवतानाच इतका का बळावतो? डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली काही जणांना आवाज बंद ठेवून एका बाईच्या चित्रफिती दाखवल्या. ती बाई अस्वस्थ, चुळबुळ करताना दिसत होती. काहींना सांगितलं, की तिला अवघडून टाकणाऱ्या खासगी विषयांवर बोलायला लावलं आहे. काहींना सांगितलं, की विषय साधेसुधे आहेत. अवघड विषय कळलेल्यांनी विचार केला: अशा विषयावर कोणीही अस्वस्थ होईल, त्यावरून ती मुळात घाबरट ठरत नाही. पण निम्म्या लोकांना सोबत एक काम दिलं होतं, पडद्यावर येणारे तेच विषय पाठ करायचे. या मंडळींनी तिला दोन्ही वेळा सारखीच घाबरट ठरवलं. म्हणजे परिस्थितीची माहिती ज्यांच्या ओठांवर होती, त्यांनीच ती निर्णयात वापरली नाही.

गिल्बर्ट यांचं म्हणणं असं, की स्वभावाचा शिक्का आपोआप बसतो. परिस्थिती लक्षात घेऊन तो दुरुस्त करणं ही नंतरची पायरी असते आणि तिला डोकं मोकळं लागतं. गाडी चालवताना ते मोकळं नसतं. आरसा, ब्रेक, घड्याळ, बाजूची दुचाकी. फलक झाडाआड आहे हे मला आता माहीत आहे, तरी घाईच्या सकाळी “माजलेला” उमटतोच. फरक एवढाच पडलाय, की घरी पोहोचेपर्यंत तो शब्द माझ्याबरोबर राहत नाही.

रस्त्यावर एवढ्यावर भागतं, कारण तो माणूस निघून जातो. ऑफिसात भागत नाही. आमच्या विभागाची बैठक रोज साडेनऊला असायची आणि माझा एक सहकारी दहा-वीस मिनिटं उशिरा यायचा. त्याचं वार्षिक मूल्यमापन माझ्याकडे होतं. मी शेरा लिहिला, “वेळेचं गांभीर्य नाही.” त्याने वाचला, सही केली, काही बोलला नाही.

नंतर दुसऱ्याच कामासाठी तीन महिन्यांची हजेरी माझ्यासमोर आली. उशीर एकवीस दिवस झाला होता, त्यातले एकोणीस सोमवार किंवा गुरुवार. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तो बहुतेकदा माझ्याही आधी आलेला. दुपारच्या बैठकांना एकदाही उशीर नाही. माणूस तोच, बदलत होता तो वार. विचारल्यावर त्याने सांगितलं, की त्या दोन दिवशी बायकोची पहाटेची पाळी असते, मुलीला शाळेत तोच सोडतो, आणि शाळेचं फाटक नऊला उघडतं. तिथून ऑफिस पस्तीस मिनिटं, तेही रस्ता मोकळा असेल तर.

रस्त्यावर न मिळणारी उत्तरं इथे माझ्या टेबलावर होती. वर्षभर ती न बघताच मी निकाल दिला, आणि तोही बहुधा त्या लेनमधून तावातावाने पोहोचल्यावर. सोमवार-गुरुवारची बैठक मी दहाला नेली. शेरा मात्र तोवर त्याच्या फाइलमध्ये वर पोहोचला होता आणि बढतीची यादी त्यावरून लागली होती. मी लेखी विनंती केली, तरी तो काढला गेला नाही.

तुम्ही ज्याला फुकटची वकिली म्हणता, ती मी त्या वर्षी केली असती तर बरं झालं असतं.