डीपीआय ३०० केल्याने एक्सेलचा चार्ट शार्प होत नाही

"एक्सेलचा चार्ट प्रिंटला धूसर येतोय? सोप्पं आहे. चार्टवर राइट क्लिक करून जेपीजी सेव्ह करा, कुठल्याही फ्री साइटवर डीपीआय ३०० करून घ्या, वर्डमध्ये टाका, झालं. प्रेसवाल्याला एवढंच लागतं."

हा मेसेज मला यंदा तीन ठिकाणांहून आला, आणि वाईट याचं वाटतं की पाठवणारे सगळे अहवाल बनवणारे लोक होते, म्हणजे ज्यांना तो खरंच उपयोगी पडेल असं वाटून ते तसं करून बसणार. मी डीटीपीचं काम करते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पतसंस्थांचे वार्षिक अहवाल येतात, सभेच्या आधी छापून हवे असतात, आणि दरवर्षी हेच चार्ट हाताखालून जातात. म्हणून एकेक गोष्ट नीट सांगते.

आधी डीपीआयचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. फोटोच्या फाइलमध्ये खरी वस्तू एकच असते, पिक्सेल. आडवे किती, उभे किती. डीपीआय हा फाइलमध्ये लिहिलेला नुसता एक आकडा आहे, तो सांगतो की हे पिक्सेल कागदावर किती दाटीने बसवायचे. तो ९६ चा ३०० केला म्हणून फाइलमध्ये एकही नवीन पिक्सेल येत नाही.

आता हिशोब करून बघा. एक्सेल नवीन चार्ट टाकतो तो साधारण १२.७ बाय ७.६ सेंमीचा असतो, म्हणजे ५ बाय ३ इंच. तो Save as Picture ने काढला तर स्क्रीनच्या हिशोबाने निघतो, ९६ ने गुणा, ४८० बाय २८८ पिक्सेल (विंडोजमध्ये डिस्प्लेचं स्केलिंग वाढवलेलं असेल तर आकडा वेगळा येऊ शकतो, म्हणून आपल्या फाइलवर राइट क्लिक करून Properties मध्ये Details बघायचं, अंदाज करायचा नाही). अहवालात तो चार्ट १६ सेंमी रुंद लावायचा आहे, म्हणजे ६.३ इंच. ४८० भागिले ६.३, इंचाला फक्त ७६ पिक्सेल पडले. ३०० हवे असतील तर १८९० पिक्सेल पाहिजेत. आणि तुम्ही त्या ४८० वाल्या फाइलवर ३०० चा शिक्का मारलात तर तिचा अर्थ एवढाच होतो की हा चार्ट ४ सेंमी रुंद छापा. मग पानावर ओढून १६ सेंमी केला की परत ७६ वरच आलात.

काही साइट्स नुसता शिक्का मारत नाहीत, खरंच पिक्सेल वाढवून देतात, फाइल मोठी होते आणि माणूस खूश होतो. पण ते वाढवलेले पिक्सेल आले कुठून, तर शेजारच्या पिक्सेलचा रंग बघून मधले भरलेत. एका पिक्सेलच्या जागी जवळजवळ सोळा, आणि सगळे अंदाजाने. निसर्गाच्या फोटोत ते खपून जातं, चार्टमध्ये नाही, कारण चार्ट म्हणजे सगळ्या सरळ कडा आणि अक्षरं. अक्षरं तर आपली देवनागरी. गेल्या वर्षीच्या एका अहवालात "ठेवी" आणि "कर्जे" असे दोन शब्द होते लेजेंडमध्ये, १० पॉइंटमध्ये. ९६ च्या हिशोबाने १० पॉइंट म्हणजे जेमतेम १३ पिक्सेल उंची, त्यात रेघ, रेघेवर रफार आणि मात्रा हे सगळं दोनतीन पिक्सेलमध्ये बसवायचं. छापून आलं तेव्हा "कर्जे" वरचा रफार आणि मात्रा मिळून एक करडा ठिपका झाला होता. मूळ फाइलमध्येच ते दोन वेगळे नव्हते, मग कुठली साइट ते वेगळे करून देणार?

जेपीजीबद्दल थोडक्यात. ते फोटोसाठी आहे. अक्षराच्या काळ्या कडेजवळच्या पांढऱ्या भागात ते धुळीसारखे डाग टाकतं, लाल बारीक रेघ तर पार मळकट करतं. आणि एकदा जेपीजी झालं की त्याचं नंतर पीएनजी करून डाग जात नाहीत.

चार्ट आधी एक्सेलमध्येच ओढून मोठा करायचा आणि मग पीएनजी काढायचा, असंही बरेच जण सांगतात. यात तथ्य आहे, पिक्सेल खरे वाढतात. पण चार्ट चौपट केला तरी अक्षरं १० पॉइंटचीच राहतात आणि रेघांची जाडीही तीच, मग तो पानावर १६ सेंमीला आणला की अक्षरं जेमतेम तीन पॉइंटची झालेली असतात. म्हणजे फॉन्ट, रेघा, मार्कर सगळं हाताने चौपट करत बसा. एका चार्टला ठीक आहे, चौदा चार्टला नाही.

मग करायचं काय? चित्र काढायचंच नाही, वेक्टर न्यायचं. वेक्टरमध्ये रेघ ही रेघ म्हणूनच जाते, इथून तिथपर्यंत एवढ्या जाडीची, आणि छपाईचं मशीन स्वतःच्या पूर्ण क्षमतेने ती काढतं. एक्सेलमधून हे पीडीएफने होतं. माझी पद्धत अशी: चार्ट एका कोऱ्या शीटवर एकटा ठेवायचा, Format टॅबमध्ये Size ला छापायचंय तेच माप टाकायचं, आपल्या उदाहरणात रुंदी १६ सेंमी, उंची ९ सेंमी, अक्षरं ९ किंवा १० पॉइंट. Page Layout मध्ये कागद A4, Print च्या स्केलिंगला No Scaling. मग एखाद्या रिकाम्या सेलवर क्लिक करायचं, हे विसरू नका, कारण चार्ट सिलेक्ट राहिला तर एक्सेल तो एकटाच अख्ख्या पानावर पसरवून देतो आणि १६ सेंमीचा सगळा हिशोब बिघडतो. त्यानंतर File, Export, Create PDF/XPS, आणि Optimize for मध्ये Standard ठेवायचं, Minimum size नाही.

पीडीएफ उघडून ८०० टक्के झूम करा. कडा स्वच्छ दिसली तर वेक्टर आहे, पायऱ्या दिसल्या तर कुठेतरी चित्र घुसलंय. बारला दिलेली शॅडो, ग्लो, अर्धपारदर्शक रंग यामुळे हमखास असं होतं, तो भाग एक्सेल चित्र करून टाकतो. ते इफेक्ट काढून परत एक्सपोर्ट करा. मग Acrobat Reader मध्ये File, Properties, Fonts बघा, तुमच्या मराठी फॉन्टपुढे Embedded Subset लिहिलेलं पाहिजे. म्हणजे अक्षरांचे आकार फाइलमध्येच बांधलेत, प्रेसच्या मशीनवर निर्मला किंवा मंगल असो नसो. याच कारणासाठी मी मराठी चार्टला एसव्हीजी किंवा ईएमएफ सुचवत नाही. दोन्ही वेक्टरच आहेत पण अक्षरं त्यात टेक्स्ट म्हणून राहतात, समोर तो फॉन्ट नसला किंवा सॉफ्टवेअर जुनं असलं तर वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. आणि प्रेसला सांगा की पीडीएफ एडिट करायला उघडू नका, आहे तसा पानावर प्लेस करा.

एखादा प्रेस इमेजच मागतो, तेही होतं. मग या पीडीएफवरूनच काढायची, अक्षरं-रेघांसाठी ६०० ने. मी Poppler या मोफत टूलमधली pdftoppm ही कमांड वापरते, कमांड लाइनवर अशी द्यायची:

```
pdftoppm -r 600 -png -singlefile chart.pdf chart
```

पूर्ण A4 पान येईल, चार्टच्या कडेने क्रॉप करा, रुंदी साधारण ३७८० पिक्सेल भरली पाहिजे. भरत नसेल तर स्केलिंग कुठेतरी बदललंय, मागे जाऊन बघा. हे ६०० खरे आहेत कारण ते वेक्टरवरून मोजून काढलेत.

वर्डचं आता. वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रं स्वतःहून लहान करू शकतो, त्याचा नेहमीचा डिफॉल्ट २२० आहे. म्हणजे मेहनतीने ६०० ची फाइल बनवली, वर्डमध्ये टाकली, सेव्ह केली आणि गेली. File, Options, Advanced, तिथे Image Size and Quality खाली Do not compress images in file वर टिक करायची, आणि ती चित्र टाकायच्या आधी, नंतर करून गेलेले पिक्सेल येत नाहीत. अहवाल वर्डमध्येच करत असाल तर खरं म्हणजे चित्राची गरजच नाही, चार्ट कॉपी करून चार्ट म्हणूनच पेस्ट करा आणि वर्डमधून पीडीएफ काढा, वेक्टरच येतो. फक्त एक कळकळीची सूचना: पेस्ट करताना Embed Workbook वाला पर्याय घेतला तर अख्खं वर्कबुक त्या वर्ड फाइलच्या पोटात जातं, बाकीच्या शीटसकट. त्यात सभासदांची नावं आणि बाकी रकमा असतील तर प्रेसमध्ये कोणीही चार्टवर राइट क्लिक करून ते उघडू शकतं. बाहेर द्यायचा तो पीडीएफच.

शेवटचं, आणि हे मला त्या मेसेजइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण सगळं वेक्टर करूनही चार्ट धूसर येऊ शकतो. मागच्या वर्षी माझंच झालं. पीडीएफ ८०० टक्क्याला काचेसारखा स्वच्छ, छापील प्रतीत मात्र अक्षावरचे आकडे खरखरीत. भिंग लावून बघितलं तर प्रत्येक आकडा ठिपक्या-ठिपक्यांचा. एक्सेलच्या चार्टमधली अक्षरं मुळात काळी नसतातच, डिफॉल्ट रंग गडद करडा असतो, RGB मध्ये 89, 89, 89. आतली पानं एकरंगी, मशीनमध्ये फक्त काळी शाई, आणि काळ्या शाईतून करडा दाखवायचा तर ठिपके पाडूनच दाखवता येतो. मोठ्या बारला ते चालतं, ९ पॉइंटच्या आकड्याची कड ठिपक्यांनी कुरतडली जाते. ग्रिडलाइन तर त्याहून फिक्या, तुटक-तुटक आल्या होत्या. तेव्हापासून एक्सपोर्टच्या आधी चार्ट एरिया सिलेक्ट करून Home टॅबवरून सगळ्या अक्षरांना सरळ काळा रंग देते, ग्रिडलाइन एकतर काढते नाहीतर अर्धा पॉइंट काळ्या ठेवते, आणि प्रेसला सांगते की चार्टमधला काळा फक्त काळ्या शाईत घ्या. चाररंगी पानावर हे सांगणं जास्तच गरजेचं, कारण एक्सेलचा काळा आरजीबीमधून चारही शायांचा होऊ शकतो आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कड दिसते. यंदाच्या पहिल्या अहवालाचं प्रूफ मंगळवारी आलं, त्यात "कर्जे" वरचा रफार आणि मात्रा भिंगाशिवाय वेगवेगळे दिसतायत.