‘६३ टाका, चालतं’ हे कोणाला चालतं?

चष्मा बनवायला दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, लागते. तिच्याबद्दल असा सल्ला सर्रास मिळतो:

«ऑनलाइन चष्मा मागवताना पीडी विचारतात, ते फार मनावर घेऊ नका. सगळ्यांची पीडी ६३ च असते. खात्री हवी असेल तर जुन्या चष्म्याच्या काडीवरचे आकडे बघा आणि बेरीज करा. नाहीतर आरशासमोर पट्टी धरा, मिनिटाचं काम. दोन-चार मिलीमीटर इकडेतिकडे झाले तरी डोळ्यांना सवय होते.»

‘सगळ्यांची ६३ च असते’

६३ हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं आधी मान्य करू. मोठ्या माणसांची सरासरी त्याच्याच आसपास येते. पण चपलेचा सरासरी नंबर माहीत आहे म्हणून कोणी तो न बघता चप्पल मागवत नाही. बहुतेक मोठ्या माणसांची पीडी ५४ ते ७४ मिलीमीटरच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि लहान मुलांची त्याहून बरीच कमी असते.

नजर लांब असताना एका बाहुलीच्या मध्यापासून दुसऱ्या बाहुलीच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पीडी. बाहुली म्हणजे डोळ्यातलं मधलं काळं छिद्र आणि बुबुळ म्हणजे तिच्याभोवतीचं तपकिरी कडं. बोलताना आपण दोन्हींना बुबुळच म्हणतो, आणि मोजताना पहिला घोळ तिथेच होतो.

हे अंतर कशाला लागतं? नंबरच्या लेन्समध्ये एकच जागा अशी असते जिथून प्रकाश न वळता सरळ जातो. तो लेन्सचा मध्य. तो बरोबर बाहुलीसमोर यावा म्हणून लेन्स कापणाऱ्याला पीडी हवी असते. मध्य बाजूला सरकला की तीच लेन्स प्रिझमसारखी वागते, म्हणजे समोरचं दृश्य थोडं बाजूला ढकलते. किती ढकलते याचा हिशेब सोपा आहे: मध्य किती सेंटिमीटर सरकला त्याला चष्म्याच्या नंबरने गुणायचं. येणारं उत्तर ‘प्रिझम’ याच मापात असतं.

समजा दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ५.५० आहे, खरी पीडी ५८ आहे आणि ऑर्डरमध्ये ६३ टाकली. चूक ५ मिलीमीटरची, म्हणजे प्रत्येक डोळ्याला अडीच. ०.२५ गुणिले ५.५ म्हणजे एका डोळ्यापुढे जवळजवळ १.४ प्रिझम, दोन्ही मिळून पावणेतीन. त्यातही ही चूक वाईट दिशेची आहे. उणे नंबरच्या लेन्सचे मध्य गरजेपेक्षा लांब बसले की दृश्य एक होण्यासाठी डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं. जवळचं वाचताना डोळे आत वळवायची आपल्याला रोजची सवय असते. बाहेर वळवण्याची ताकद मात्र फारच थोडी असते. दुपारपर्यंत कपाळ चढतं ते त्यामुळे.

हीच ५ मिलीमीटरची चूक उणे १ नंबरला झाली तर दोन्ही डोळे मिळून जेमतेम अर्धा प्रिझम होतो आणि बहुतेकांना तो कळतही नाही. म्हणून ‘मी ६३ च टाकली, मला काही झालं नाही’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांचा नंबर कमी असतो, किंवा त्यांची पीडी खरंच ६३ च्या जवळ असते. फक्त सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागू होणारा जादा नंबर, मोठा असेल आणि अ‍ॅक्सिस, म्हणजे त्याचा कोन, ९० च्या आसपास असेल, तर तोही आडव्या दिशेच्या नंबरात मिळवून मग ‘माझा नंबर कमी’ म्हणा.

‘काडीवरचे आकडे बघा’

काडीच्या आतल्या बाजूला ५२, मग छोटा चौकोन, मग १८ आणि शेवटी १४० असं काहीतरी छापलेलं असतं. ५२ ही एका लेन्सची रुंदी, १८ हे नाकावरच्या पुलाचं अंतर आणि १४० ही काडीची लांबी. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७०. हे फ्रेमच्या दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर झालं. फ्रेम कारखान्यात बनली तेव्हा तुमचे डोळे तिथे नव्हते. ५८ पीडीचा माणूस तीच फ्रेम घालतो तेव्हा लेन्स कापणारा प्रत्येक मध्य ६ मिलीमीटर नाकाकडे सरकवून बसवतो. तुम्ही ७० लिहिलंत तर तो सरकवणार नाही, आणि वरच्याच नंबराला दोन्ही डोळे मिळून साडेसहा प्रिझम होतील. एवढ्यात लांबचे दिवे दोन-दोन दिसू शकतात.

आकडे फ्रेम निवडताना उपयोगी पडतात. बेरीज तुमच्या पीडीच्या जितकी जवळ, तितका मध्य कमी सरकवावा लागतो आणि मोठ्या उणे नंबरात बाहेरची कड कमी जाड येते.

‘आरशासमोर पट्टी धरा’

आरसा चालतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजणं चालत नाही, आणि नेमकं तेच बहुतेक जण करतात. दोन्ही डोळ्यांनी आरशात एका जागी बघितलं की डोळे आत वळतात, पट्टीवरची रेघ एकाच वेळी दोन ठिकाणी दिसते आणि आपण सोयीची वाचतो.

आळीपाळीने एक डोळा मिटला की गणित सुटतं. उजवा डोळा स्वतःच्याच प्रतिबिंबात बघतो तेव्हा त्याची नजर आरशाला काटकोनात जाते. डाव्याचंही तसंच. म्हणजे आरसा वीतभर अंतरावर असूनही दोन्ही नजरा समांतर राहतात, लांबचं बघताना असतात तशाच.

कंपासपेटीतली मिलीमीटरची पट्टी घ्या. शिंप्याची टेप नको, ती वाकते. पट्टीचं शून्य बहुधा टोकावर नसतं, थोडं आत असतं, ते बघून ठेवा. पट्टी खरी आहे का हे एटीएम कार्डावरून तपासता येतं: कार्डाची लांबी ८५.६ मिलीमीटर भरली पाहिजे. आरशापासून साधारण २० सेंटिमीटरवर उभे राहा, चष्मा काढा, पट्टी भुवयांना टेकवून आडवी धरा. डावा डोळा मिटून उजव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य आणा. आता डोकं आणि पट्टी तसूभरही न हलवता उजवा मिटा, डावा उघडा आणि डाव्या बाहुलीच्या मध्यावर कोणती रेघ येते ते वाचा. नंबर इतका मोठा आहे की चष्म्याशिवाय रेघाच दिसत नाहीत, तर मोजायचं काम दुसऱ्याकडे द्या.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. गडद तपकिरी बुबुळात काळी बाहुली कुठे सुरू होते तेच दिसत नाही. खिडकीसमोर, उजेडात उभं राहिल्याने थोडं सोपं होतं. तरीही दिसेना तर बाहुली सोडा आणि बुबुळाची कड धरा: उजव्या बुबुळाच्या कानाकडच्या कडेपासून डाव्या बुबुळाच्या नाकाकडच्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही बुबुळं सारख्याच आकाराची असल्याने हे अंतर मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतराइतकंच भरतं, आणि पांढऱ्यावर तपकिरी कड स्वच्छ दिसते.

घरातलं कोणी मोजणार असेल तर त्याने समोर हातभर अंतरावर, डोळ्यांची पातळी सारखी ठेवून बसावं. त्यानेही एक डोळा मिटायचा. त्याचा डावा डोळा उघडा असताना तुम्ही त्या डोळ्यात बघायचं आणि त्याने तुमच्या उजव्या बाहुलीवर शून्य लावायचं. मग पट्टी न हलवता त्याने उजवा डोळा उघडून डावा मिटायचा, तुम्ही त्या उजव्या डोळ्यात बघायचं आणि त्याने तुमच्या डाव्या बाहुलीचा आकडा वाचायचा. हा खटाटोप टाळून त्याने एकाच डोळ्याने दोन्ही टोकं वाचली, तर काय होतं? पट्टी बाहुल्यांच्या दीडेक सेंटिमीटर पुढे असते. त्यामुळे ४० सेंटिमीटरवरून, तुम्ही लांब बघत असलात तरी, ६२ च्या जागी ६० च्या खाली वाचलं जातं.

कपाळाला कार्ड लावून सेल्फी काढायची पद्धतही अशीच कमी दाखवते. अर्ध्या मीटरवरून कार्ड डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला जवळ असल्याने मोठं दिसतं आणि शिवाय कॅमेऱ्यात बघताना डोळे आत वळलेले असतात. दोन्ही मिळून तीनेक मिलीमीटर सहज जातात. फोटोच काढायचा असेल तर दुसऱ्याला २-३ मीटर लांब उभं करा, झूम करायला सांगा आणि लेन्सकडे बघा. चूक मिलीमीटरच्या आत येते.

कोणतीही पद्धत घ्या, तीन वेळा मोजा. ६१, ६२, ६१ आलं तर ६१ लिहा. ५९, ६३, ६१ आलं तर सरासरी काढत बसू नका. डोकं हलतंय, पुन्हा मोजा. डोळ्यात तिरळेपणा असेल तर मात्र घरी मोजू नका. फक्त वाचायचा चष्मा असेल तर लांबच्या पीडीतून साधारण ३ मिलीमीटर वजा होतात, पण ऑर्डरमध्ये कोणती विचारली आहे ते आधी बघा. काही ठिकाणी तुम्ही लांबची टाका, वजाबाकी ते करतात, आणि आपणही केली की ती दोनदा होते.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच लेन्समध्ये लांबचा आणि वाचायचा नंबर असलेल्या चष्म्याला हे सगळं अपुरं आहे. त्याला नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं वेगळं अंतर लागतं, आणि निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर बसवून खालच्या कडेपासून बाहुलीची उंचीही लागते. फ्रेम हातात नसताना ती मोजायची कशी? हा चष्मा दुकानातच करावा.

‘सवय होते’

नवीन नंबराची सवय आठवडाभरात होते, हे खरं. चुकलेल्या पीडीची तक्रार वेगळी ओळखता येते. नवा चष्मा घालून लांबच्या पाटीकडे बघा आणि एक डोळा हाताने झाका. झाकल्यावर ताण किंवा दुहेरी दिसणं लगेच थांबलं तर गडबड दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे आणि संशय पीडीवर. एका डोळ्यानेही पाटी पुसटच दिसत असेल तर आधी नंबर तपासा.

संशय आला तर चष्मा हातभर लांब धरून दाराच्या चौकटीची उभी रेघ एका लेन्समधून बघा. लेन्समधला रेघेचा तुकडा वर-खालच्या रेघेपासून तुटलेला दिसेल. चष्मा हळूहळू आडवा सरकवा. रेघ सलग झाली की लेन्सचा मध्य त्या रेघेवर आला. तिथे मार्करने ठिपका द्या, दुसऱ्या लेन्सलाही तसंच करा आणि दोन ठिपक्यांमधलं आडवं अंतर मोजा. ऑर्डरमध्ये ५८ होती आणि ठिपके ६३ वर आले तर चष्मा परत पाठवा. नंबर दीडच्या आत असेल तर रेघ इतकी कमी तुटते की यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि तिरक्या अ‍ॅक्सिसच्या सिलिंडरमध्ये रेघ तुटण्याऐवजी कलते, तेव्हा जवळच्या दुकानात लेन्सोमीटरवर, म्हणजे लेन्स तपासायच्या यंत्रावर, मध्य लावून घ्यावा.