फोटोवरून प्रवेश अर्ज भरून देण्याची विद्या

बारावीचा निकाल लागला की ज्या घरात पूर्वी कधीतरी कोणी पदवी घेतलेली असते, त्या घरातील मोबाइलवर प्रवेश अर्जांचे फोटो येऊ लागतात. फोटो किंचित तिरका असतो, कागदाचा वरचा चतुर्थांश त्यात आलेला नसतो, एका कोपऱ्यावर अंगठा असतो आणि खाली एवढेच लिहिलेले असते: "काका, हा कसा भरायचा?" ज्या अर्थी आपल्याला काका म्हटले आहे, त्या अर्थी आपल्याला उत्तर येते, हे आपण सर्वप्रथम मान्य करावे आणि पुढील मार्गदर्शनानुसार तत्काळ कामाला लागावे.

अर्ज कोणत्या संस्थेचा आहे, हे चुकूनही विचारू नये. संस्थेचे नाव नेमके कापल्या गेलेल्या भागात असते. ते विचारले तर मुलीला दुसरा फोटो काढावा लागेल, तो येईपर्यंत आपला चहा निवेल आणि शिवाय आपल्याला काहीतरी विचारावे लागले, ही गोष्ट तिच्या वडिलांपर्यंत जाईल. त्यापेक्षा फोटो दोन बोटांनी मोठा करावा, त्यातला पहिला ओळखीचा शब्द पकडावा आणि आपण स्वतः पदवीला प्रवेश घेतला तेव्हा तेथे काय लिहिले होते, ते आठवून कळवावे. आपल्या वेळचा अर्ज आणि आजचा अर्ज यांत फरक असेलच, अशी शंका घेणे हा आपल्या अनुभवाचा अपमान आहे.

सरावासाठी 'प्रवर्ग' हा रकाना घ्यावा, कारण आत्मविश्वासाने चुकण्याची एवढी उत्तम सोय दुसऱ्या रकान्यात नाही. समजा, माळशिरस तालुक्यातील धनगर समाजाच्या एका मुलीने आपल्याला दोन फोटो पाठवले आहेत. एक अर्ज सोलापुरातील, राज्य विद्यापीठाशी संलग्न अशा महाविद्यालयाचा आहे आणि दुसरा वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचा. दोन्हींत छापलेला शब्द एकच आहे. आपण म्हणावे, "दोन्हीकडे एनटी-सी लिही." हे उत्तर निम्मे बरोबर असते आणि आपली ख्याती टिकवण्यास तेवढे पुरते.

उरलेल्या निम्म्याची अडचण अशी आहे की एनटी-सी म्हणजे भटक्या जमाती (क) हा प्रवर्ग महाराष्ट्र शासनाच्या आरक्षणात आहे, तेथे त्याला 3.5 टक्के जागा आहेत. केंद्राच्या आरक्षणात मात्र भटक्या जमाती नावाचा वेगळा प्रवर्गच नाही. तेथे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक एवढेच गट आहेत, आणि महाराष्ट्रातील धनगर समाज केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतो. म्हणजे हीच मुलगी सोलापूरच्या अर्जात एनटी-सी असते आणि वर्ध्याच्या अर्जात ओबीसी. वर्धा महाराष्ट्रातच आहे, हा मुद्दा आपण येथे ठासून मांडावा. ते विद्यापीठ केंद्रीय आहे आणि प्रवर्ग ठरतो तो गावावरून नव्हे, तर संस्था कोणाच्या आरक्षणाने बांधलेली आहे त्यावरून, असे कोणी सांगू लागल्यास विषय उन्हाकडे वळवावा.

याच समजुतीने मराठा समाजाच्या विद्यार्थ्यालाही मदत करता येते. राज्याच्या 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास, म्हणजे एसईबीसी, या प्रवर्गात 10 टक्के आरक्षण दिले, म्हणून केंद्रीय संस्थेच्या अर्जातही एसईबीसी शोधायला सांगावे. त्या यादीत ते नाव सापडणार नाही. मुलगा गोंधळेल, मग आपण म्हणावे, "ओबीसी टाक, सारखेच आहे." ते सारखे नाही. एसईबीसी ही राज्याची सोय आहे; केंद्राच्या अर्जात तो मुलगा खुल्या प्रवर्गात येतो, किंवा कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता निकषांत बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र घेऊन आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात. कुणबी नोंदीवरून जातीचा दाखला मिळालेल्याची गोष्ट पुन्हा वेगळी असते, पण इतका वेळ फोनवर कोण राहतो?

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच तर "नॉन-क्रीमी लेअर काढून ठेव" एवढेच म्हणून फोन ठेवावा. आपले कुटुंब मागासवर्गातील सधन थरात मोडत नाही, असे सांगणारे ते प्रमाणपत्र दोन नमुन्यांत मिळते, हे सांगण्याची घाई करू नये. राज्याच्या प्रवेशासाठी राज्याचा नमुना चालतो आणि त्यावर ते कोणत्या 31 मार्चपर्यंत वैध आहे, ते लिहिलेले असते. केंद्रीय संस्थेला केंद्राचा नमुना लागतो. त्याच्या मथळ्यातच तो भारत सरकारच्या सेवा आणि केंद्रीय शिक्षणसंस्था यांच्यासाठी असल्याचा उल्लेख असतो, आणि बहुतेक केंद्रीय प्रवेशांत तो चालू वर्षाच्या 1 एप्रिलनंतर दिलेला असावा, अशी अट असते. मुलीच्या कपाटात गेल्या वर्षीचे, अजून दोन वर्षे वैध असलेले, राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र असते. ते पाहून आपण समाधान व्यक्त करावे. कागदपत्रांच्या पडताळणीच्या टेबलावर ते परत केले जाईल तेव्हा तिला खुल्या प्रवर्गात टाकतील किंवा मिळालेली जागा जाईल; सेतू केंद्रात नवा अर्ज करून दाखला हाती येईपर्यंत ती फेरी संपलेली असेल. परंतु त्या दिवशी फोन आपल्याला नाही, तिच्या वडिलांना जातो.

त्याच फोटोत 'वार्षिक उत्पन्न' असाही रकाना असेल. तेथे तहसीलदारांच्या दाखल्यावरचा आकडा लिहायला सांगावा आणि तो सर्वत्र चालतो, असेही जोडावे. फीसवलतीसाठी तो आकडा खरोखरच चालतो. क्रीमी लेअर ठरवताना मात्र आठ लाखांची मर्यादा तपासताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी त्याच आठ लाखांत पगार, शेती, धंदा असे सगळेच धरतात. मर्यादेचा आकडा सारखा असल्यामुळे येथे गैरसमज आपोआप होतो. सल्लागाराला फारसे कष्ट पडत नाहीत.

यानंतर 'अल्पसंख्याक आहात काय?' हा प्रश्न घ्यावा. मुलगी जैन असेल तर आपण "अर्थातच हो" म्हणावे आणि तिला मुंबईतील एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या महाविद्यालयात अल्पसंख्याक कोट्यातून जागा मिळणार, असे तिच्या आजीलाही कळवून टाकावे. तो कोटा ती संस्था ज्या समाजाची अल्पसंख्याक संस्था म्हणून मान्यता पावलेली आहे, त्याच समाजासाठी असतो. ख्रिस्ती संस्थेत तो ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी, गुजराती भाषक संस्थेत गुजराती मातृभाषा असलेल्यांसाठी, सिंधी संस्थेत सिंधी भाषकांसाठी. शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र हाच प्रश्न विद्यार्थिनीचा स्वतःचा समाज विचारतो, आणि तेथे तिचे 'हो' अगदी बरोबर असते. शिवाय अल्पसंख्याक संस्थांना राज्याचे सामाजिक आरक्षण घटनेनेच बंधनकारक केलेले नाही, त्यामुळे वर एवढ्या प्रेमाने भरून दिलेला प्रवर्गाचा रकाना अशा महाविद्यालयात प्रवेशासाठी नव्हे, तर पुढे फीसवलतीसाठी विचारलेला असू शकतो. हे सारे संस्थेचे नाव पाहिल्यावर कळते. पण ते न विचारण्याचे आपले ठरलेले आहे.

'नोंदणी क्रमांक' या रकान्यावर फार वेळ घालवू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रजिस्टर क्रमांक असतो, स्टुडंट आयडी असतो, यूडायस क्रमांक असतो. गुणपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो. यांपैकी जो सर्वांत लांबलचक असेल तो लिहायला सांगावा. संस्थेला कदाचित विद्यापीठाच्या प्रवेशपूर्व नोंदणीचा क्रमांक हवा असतो, कदाचित सीईटीच्या अर्जाचा, आणि 'पीआरएन' म्हणजे कायम नोंदणी क्रमांक असे लिहिले असेल तर तो विद्यापीठ प्रवेशानंतर देते, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलीने तो रकाना कोरा सोडायचा असतो. कोरा रकाना पाहून आपल्याला अस्वस्थ वाटते, म्हणून तेथे आधार क्रमांक लिहिण्याची सूचना करावी. जवळच 'कार्यालयीन उपयोगासाठी' अशी चौकट असल्यास तीही सोडू नये.

काही हट्टी माणसे या विद्येला बट्टा लावतात. ती फोटो आला की उलट चार गोष्टी मागतात: कागदाचा वरचा भाग, अगदी खालची बारीक अक्षरांची ओळ, मागची बाजू, आणि अर्जासोबत जोडायच्या कागदपत्रांची यादी. विशेषतः ती यादी ती माणसे रकान्यांच्या आधी वाचतात. यादीत 'केंद्र शासनाच्या विहित नमुन्यातील प्रमाणपत्र' असे दिसले की प्रवर्गाच्या रकान्यात केंद्राचा प्रवर्ग हवा, आणि 'जात वैधता प्रमाणपत्र' दिसले की राज्याचा, असे त्यांना कळते. एखाद्या रकान्याच्या पुराव्यासाठी यादीत कोणताच कागद नसेल तर तो रकाना बहुधा केवळ माहितीसाठी आहे, असाही त्यांचा होरा असतो. मुलीने सोलापूरच्या अर्जाची मागची बाजू पाठवली की ती म्हणतात, "येथे एनटी-सी लिही, राज्याचा दाखला जोड. वर्ध्याच्या अर्जात ओबीसी-एनसीएल, म्हणजे नॉन-क्रीमी लेअर, निवड, पण आधी उद्याच्या उद्या सेतूत जाऊन केंद्राच्या नमुन्यासाठी अर्ज कर. नोंदणी क्रमांकाचे मला सांगता येत नाही, माहितीपत्रिकेत पाहा किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात विचार, आणि तोवर तेथे पेन्सिलीनेही काही लिहू नकोस." असे उत्तर द्यायला अर्धा तास जातो, आणि त्यात 'मला सांगता येत नाही' हे शब्द येतात, ते वेगळेच. अशा माणसाला पुढच्या वर्षी आणखी फोटो येतात, ही त्याची शिक्षा.

आपण मात्र शेवटच्या पानावरील प्रतिज्ञापत्राकडे शांतपणे पाहावे. वरील सर्व माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होण्यास मी पात्र राहीन, अशा आशयाचे वाक्य तेथे असते. त्याखाली विद्यार्थिनीची सही, पालकाची सही, ठिकाण आणि दिनांक यांसाठी जागा सोडलेली असते. काकांच्या सहीची सोय कोणत्याही संस्थेने केलेली नाही, तेव्हा अंगठ्याचे चिन्ह पाठवून पुढचा फोटो उघडण्यास हरकत नसावी.