पाच हजार आले, म्हणून एकोणीस लाख येतील का?

वाचकाची प्रतिक्रिया: "स्वतः न वापरता तुम्ही सरसकट सगळ्या क्रिप्टो ॲप्सना फ्रॉड ठरवता. मी मागच्या महिन्यात पाच हजार काढले, दहा मिनिटांत बँकेत जमा. तीन लाख टाकले होते, आज ॲपवर एकोणीस लाख दिसतात. फक्त ३० टक्के टॅक्स आधी भरायला सांगतायत, आणि तो तर आपल्या सरकारचाच नियम आहे. जरा अभ्यास करून लिहा."

टॅक्सपासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला उद्या पैसे भरायला तोच लावणार आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, हे खरंच. पण तो तुम्ही स्वतः, तुमच्या पॅनवर, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून भरायचा असतो. भारतातलं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोची नाणी विकत घ्यायचं आणि विकायचं ठिकाण, कापतं तो १ टक्का टीडीएस, तोही विक्रीच्या रकमेतूनच. म्हणजे एकोणीस लाखांची नाणी विकलीत तर एकोणीस हजार वळते होतात, बाकीचे तुमच्या नावावर, आणि कापलेली रक्कम पुढे पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसते. वरून पैसे टाका असं कोणी सांगत नाही. तुमचे ॲपवाले म्हणतील, आमची कंपनी परदेशी, आम्हाला टीडीएस लागू नाही. ठीक आहे, मग भारत सरकारचे ३० टक्के ते कुणाच्या वतीने गोळा करतायत?

आता हिशोब मांडा. नफा सोळा लाख, त्याचे ३० टक्के म्हणजे चार लाख ऐंशी हजार. तुम्ही आजवर टाकलेल्या रकमेपेक्षाही जास्त. त्यांना चॅटवर एवढंच लिहा: "दिसणाऱ्या एकोणीस लाखांतून हे कापून घ्या आणि उरलेले पाठवा." पैसे खरोखर असतील तर यात अडचण काय? उत्तर बहुतेक असं येईल की शिल्लक गोठवलेली आहे, तिला हात लावता येत नाही. गोठलेलं काही नसतं हो, स्क्रीनवरचा तो आकडा त्यांनीच टाइप केलेला असतो. तुम्ही पैसे भरलेत की "व्हेरिफिकेशन डिपॉझिट" निघतं, ते भरलंत की "मनी लाँडरिंगची चौकशी" निघते.

तुमच्या पाच हजारांबद्दल. ती गळाला लावलेली अळी होती, एवढं म्हणून मी सोडणार नाही. तुमचं बँक स्टेटमेंट उघडा आणि पैसे कुणाच्या नावावरून आले ते बघा. भारतातलं नोंदणीकृत एक्स्चेंज रुपये पाठवतं तेव्हा तिथे सहसा कंपनीचं किंवा तिच्या पेमेंट कंपनीचं नाव असतं. तुमच्याकडे एखाद्या अनोळखी माणसाचं किंवा कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव असेल, तर ते भाड्याने घेतलेलं खातं असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यातले पैसे तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाचे. त्या माणसाने तक्रार केली तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्याच खात्यावर होल्ड लावू शकते. (पी२पीने, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, नाणी विकली तरी अनोळखी नावावरून पैसे येतात, पण तेव्हा तुमच्याकडे त्या विक्रीची ऑर्डर असते. तुमच्याकडे आहे का?)

खरी परीक्षा रकमेची असते. पाच हजार सोडणं त्यांना परवडतं, कारण त्या बदल्यात तीन लाख मिळाले. म्हणून नफा विसरा आणि मुद्दलातले दीड लाख मागा, तेही यूएसडीटी या डॉलरच्या भावाला बांधलेल्या नाण्यात, आणि ज्याचे रिकव्हरीचे शब्द, म्हणजे वॉलेट उघडायची गुप्त किल्ली, फक्त तुमच्याकडे आहेत अशा वॉलेटवर. यूएसडीटी ज्यावरून पाठवता येतं त्या ट्रॉन नेटवर्कवर पैसे निघाले की व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे TXID, मिळतो. तो tronscan.org वर टाकला की रक्कम, पाठवणारा आणि पोचणारा पत्ता दिसतो. त्यांच्या ॲपवर विसंबावं लागत नाही. मोठी रक्कम किंवा नुकताच बदललेला पासवर्ड असेल तर खरं एक्स्चेंजही एखादा दिवस थांबवतं. पण दिवसांमागून दिवस "प्रोसेसिंग" दिसतंय आणि TXID नाही, याचा अर्थ काहीही पाठवलेलं नाही. आणि काढण्यासाठी आधी भरा म्हणाले, तर परीक्षेचा निकाल तिथेच लागला.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. वझीरएक्स भारतातलं मोठं, खरं एक्स्चेंज होतं, तरी जुलै २०२४ मध्ये हॅकिंगने सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि लोकांचे पैसे अडकले. तेव्हा सगळ्या कसोट्यांवर उतरलेल्या ठिकाणीही, लागतात त्यापेक्षा जास्त नाणी ठेवू नयेत. पण तिथे ग्राहकांकडे टॅक्सच्या नावाने चार लाख ऐंशी हजार मागितले नव्हते.

ते पैसे भरू नका. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक रकमेचा यूटीआर क्रमांक, ज्या खात्यांत पाठवलेत त्यांचे तपशील आणि चॅटचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, ॲप बंद पडलं की चॅटही जाईल. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार. आणि नंतर कुणी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फी आधी" म्हणत आलं, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा: फी मिळालेल्या पैशांतून का कापून घेत नाही?