डायरेक्टर खेळ सोपा करत नाही, तो उसंत देतो

"लेफ्ट ४ डेडमधला डायरेक्टर म्हणजे लपवलेली डिफिकल्टी. तुम्ही चांगले खेळलात की शिक्षा म्हणून तो जास्त झॉम्बी सोडतो, हरायला लागलात की दया दाखवतो. तुम्ही किती घाबरलात ते त्याला कळतं, आणि टीम अर्धमेली झाली की नेमका तेव्हाच टँक पाठवतो. म्हणून अडचणीत आलात तर कोपरा धरून बसा, डायरेक्टर आपोआप शांत होतो."

हा मजकूर इतक्या वेळा पुढे पाठवला गेला आहे की नवीन खेळाडू तो खेळाचा नियम समजूनच बसतात. वास्तविक डायरेक्टर, म्हणजे चार खेळाडूंच्या या झॉम्बी-गेममध्ये शत्रू केव्हा सोडायचे ते ठरवणारी यंत्रणा, हिच्या रचनेत गुपित असे काही उरलेले नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या या गेमची रचना त्याचे डिझायनर माइक बूथ यांनी २००९ साली आपल्या सादरीकरणात टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवली आणि लेफ्ट ४ डेड २ मध्ये तर त्यातले बरेचसे आकडे नकाशा बनवणाऱ्याला स्वतः बदलता येतात. त्यामुळे वरच्या प्रत्येक विधानाची तपासणी करता येते.

सर्वांत मोठी गल्लत पहिल्या वाक्यात आहे. काठिण्य डायरेक्टर ठरवत नाही, ते खेळाडू मेन्यूतून निवडतो. साध्या झॉम्बीने समोरून मारलेला एक फटका इझीवर १, नॉर्मलवर २, अ‍ॅडव्हान्स्डवर ५ आणि एक्स्पर्टवर २० हेल्थ खातो, आणि खेळाडूकडे एकूण १०० हेल्थ असते. तुम्ही कितीही चांगले किंवा वाईट खेळलात तरी डायरेक्टर या आकड्यांना हात लावत नाही. तो ठरवतो ते शत्रू कधी यावेत आणि कधी येऊ नयेत, एवढेच. बूथ यांनी हा भेद लाटेच्या भाषेत मांडला होता: लाटेची उंची म्हणजे काठिण्य, ते बदलत नाही, बदलते ती लाटांची वारंवारता, म्हणजे लय.

ही लय कशी ठरते ते नीट पाहिले की बाकीचे गैरसमज पुष्कळसे आपोआप सुटतात. डायरेक्टर चारही सर्व्हायव्हरांसाठी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांसाठी, तीव्रतेचा एकेक आकडा सांभाळतो. मार बसला की तो नुकसानीच्या प्रमाणात वाढतो, खेळाडू जमिनीवर कोसळला किंवा कठड्यावरून ढकलला गेला की वाढतो, आणि जवळपास झॉम्बी मेला की तो जितका जवळ मेला तितका अधिक वाढतो. काही घडत नसेल तर हा आकडा हळूहळू शून्याकडे उतरतो. मात्र एखादा झॉम्बी त्या खेळाडूच्या अंगावर आलेला असेल, तर तोवर हा उतार थांबलेला असतो. चौघांपैकी ज्याचा आकडा सर्वांत मोठा तो साऱ्या टीमचा मानला जातो. सरासरी काढली असती तर एकाची दैना तिघांच्या निवांतपणात लपून गेली असती, म्हणून मला हा निर्णय या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

या आकड्यावर चार अवस्थांचे चक्र चालते. बिल्ड-अपमध्ये भटके झॉम्बी, झुंडी आणि हंटर, स्मोकर, बूमर यांच्यासारखे खास शत्रू पूर्ण संख्येने येत राहतात. आकड्याने वरची मर्यादा ओलांडली की आणखी ३ ते ५ सेकंद तोच मारा चालू राहतो. त्यानंतरच्या ओसरत्या अवस्थेत नवे मोठे शत्रू येणे थांबते, पण जे आधीच मैदानात आहेत ते नाहीसे होत नाहीत. हातातली लढाई संपून तीव्रता उतरेपर्यंत डायरेक्टर वाट पाहतो. मगच ३० ते ४५ सेकंदांची उसंत सुरू होते, आणि ती संपली की पुन्हा बिल्ड-अप. ओसरती अवस्था वेगळी ठेवण्यामागे नेमके कारण आहे: ती नसती तर अर्धी उसंत जुनीच झुंड निपटण्यात खर्ची पडली असती.

आता एक प्रसंग घेऊ. 'नो मर्सी'च्या हॉस्पिटलमधल्या लांब कॉरिडॉरमध्ये नॉर्मलवर खेळणाऱ्या दोन टीम आहेत असे समजा. दोघींवरही वीस-पंचवीस झॉम्बींची सारखीच झुंड येते. पहिली टीम दारात उभी राहून त्यांना लांबवरच टिपते. कोणाला ओरखडा नाही, झॉम्बी दूर मेल्यामुळे प्रत्येक मृत्यूमागे तीव्रता नाममात्र वाढते, मर्यादा ओलांडली जात नाही आणि बिल्ड-अप तसाच चालू राहतो. पुढची झुंड तिच्या ठरलेल्या अंतराने, म्हणजे नॉर्मलवर ९० ते १८० सेकंदांत केव्हातरी येते. दुसऱ्या टीममध्ये लुईसवर बूमर फुटतो, सारी झुंड त्याच्यावर धावते आणि तो कोसळतो. झोई, फ्रान्सिस आणि बिल जवळपास धडधाकट आहेत, तरीही लुईसच्या आकड्यामुळे सगळी टीम शिखरावर पोहोचते. काही सेकंदांनी नवे शत्रू येणे थांबते. पण लुईसला बडवणारे झॉम्बी जिवंत असेपर्यंत त्याचा आकडा उतरत नाही, म्हणून तिघांनी आधी त्याच्याभोवतीची गर्दी साफ करावी लागते. त्यानंतर तीव्रता उतरते आणि उसंत मिळते.

ती संपल्यावर दुसऱ्या टीमपुढे काय येते? तितकीच मोठी झुंड, तेच खास शत्रू आणि फटक्यामागे तेच नुकसान, आणि त्यांना तोंड द्यायला आता हेल्थ कमी. पोस्टमध्ये ज्याला दया म्हटले आहे, ती या पाऊण मिनिटापलीकडे जात नाही.

या दाव्यात तथ्याचा जो अंश आहे तो मात्र नाकारता येणार नाही. पहिल्या टीमला शिखरच गाठावे लागत नसल्याने तिला उसंत क्वचित मिळते, आणि मिनिटामागे मोजले तर तिच्या वाट्याला शत्रू जास्त येऊ शकतात. पण ही शिक्षा नव्हे. ज्यांच्यावर ताण आलेला नाही त्यांच्यासाठी खेळ थांबवायचा नाही, इतकाच त्याचा अर्थ. शिक्षा असती तर त्यांच्यासाठी झॉम्बींचा फटका जड झाला असता किंवा झॉम्बींची हेल्थ वाढली असती, आणि तसे घडत नाही.

खेळाडूची भीती ओळखण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. गेमला तुमच्या मनातले काहीही कळत नाही. तीव्रता हा मार, पतन आणि जवळचे मृत्यू यांवरून बांधलेला अंदाज आहे. अंधाऱ्या तळघरात विच नावाच्या शत्रूचे रडणे ऐकून ज्याच्या हाताला घाम सुटला आहे, त्याचा आकडा शून्य असू शकतो. उलट शॉटगन घेऊन मजेत झुंडीत घुसणाऱ्या मुरलेल्या खेळाडूचा आकडा, मृत्यू अगदी जवळ घडत असल्याने, चढा असू शकतो. खरी उत्तेजना मोजायची तर शरीराला संवेदक लावावा लागतो, आणि गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तोही प्रयोग करून पाहिला. त्यांचे मानसशास्त्रज्ञ माइक अँबिंडर यांनी २०११ साली मांडलेल्या कामात त्वचेच्या विद्युतवहनावरून मोजलेली उत्तेजना डायरेक्टरला पुरवली होती. बाजारातल्या गेममध्ये असे काही नाही.

टँकबद्दलचे विधान तर त्याच मजकुरातल्या दयेच्या विधानाशी विसंगत आहे, पण तो भाग सोडू. साध्या मार्गावरचे टँक आणि विच हे बॉस, म्हणजे सर्वांत ताकदवान शत्रू, या चक्राच्या बाहेर आहेत. एका सेफ रूमपासून, म्हणजे सुरक्षित खोलीपासून, पुढच्या सेफ रूमपर्यंतच्या मार्गावर काही अंतरांनी जागा निवडल्या जातात आणि टँक, विच किंवा काहीच नाही, अशा तीन शक्यता पिसून त्या जागांना वाटल्या जातात. त्यात टीमची हेल्थ विचारली जात नाही आणि तीव्रता कितीही असली तरी हे प्रसंग रद्द होत नाहीत. बूथ यांचे कारण असे होते की बॉस गाळला तर साऱ्या प्रवासाची लयच फार बदलते, आणि बॉसची लढाई तशीही लय मोडतेच. फिनालेतले, म्हणजे शेवटच्या लढाईतले, टँक त्या प्रसंगाच्या ठरलेल्या टप्प्यांनुसार येतात. मग जखमी असतानाच टँक का भेटतो? कारण जखमी टीम अनेकदा न थांबता पुढच्या दाराकडे पळत सुटते, आणि टँकची जागा मार्गावरच्या अंतराने ठरलेली असल्याने तिची गाठ त्याच अवस्थेत पडते.

राहिला सल्ला, आणि त्यानेच खेळाडूंचे प्रत्यक्ष नुकसान होते. उसंतीचे मूळ आकडे स्क्रिप्टमध्ये असे लिहिता येतात:

```
DirectorOptions <-
{
	RelaxMinInterval = 30
	RelaxMaxInterval = 45
	RelaxMaxFlowTravel = 3000
}
```

पहिल्या दोन ओळी वेळेच्या आहेत. कोपऱ्यात बसून राहिलात तरी ४५ सेकंदांपलीकडे उसंत लांबत नाही, आणि त्यानंतर झुंडींचे घड्याळ तुम्ही चालत आहात की बसला आहात हे पाहत नाही. बसलेली टीम गोळ्या घालवते आणि तिला मार्गही कापता येत नाही. शिवाय काही प्रसंगांत नकाशाचा लेखक `LockTempo` चालू ठेवतो; तेव्हा चक्र बिल्ड-अपवरच अडकून राहते आणि उसंत मुळी येतच नाही. अशा ठिकाणी कोपरा धरणे म्हणजे हमखास हरणे.

तिसरी ओळ अंतराची आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. उसंतीत टीमने मार्गावर ३००० एकके कापली तर वेळ शिल्लक असूनही उसंत संपते. धडधाकट सर्व्हायव्हर सेकंदाला २२० एकके धावतो, म्हणजे सरळ पळत सुटलात तर साधारण १४ सेकंदांत ती संपवता येते. हेल्थ ४० च्या खाली जाऊन लंगडत असाल तर वेग १५० वर येतो आणि तीच मर्यादा २० सेकंदांत गाठली जाते. म्हणून शांतता पसरताच धूम ठोकणारी टीम आपल्याच हातांनी उसंत तोडते. मेडकिट लावायला ५ सेकंद लागतात आणि पडलेल्याला उठवायलाही ५. हे आधी आटोपावे, बंदुका भराव्यात आणि मग एकत्र निघावे. उसंतीत जे नवे भाग टीमच्या आसपास येतात त्यांतले भटके झॉम्बीही वगळले जातात, त्यामुळे तयारी करून निघालेल्यांना पुढचा पट्टा बराच मोकळा मिळतो.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी स्वतःच्या संगणकावर एकट्याने नकाशा सुरू करावा, कन्सोलमध्ये `sv_cheats 1` आणि मग `director_debug 1` लिहावे. डायरेक्टरची अवस्था पडद्यावर दिसू लागते. एकदा मार खाऊन जागेवरच थांबावे, एकदा मार खाऊन सरळ पळावे, आणि दोन्ही वेळा उसंत किती टिकली ते घड्याळ लावून पाहावे.